बत्तीस नंबरचा हिरवा सात

माझ्या टेबलावरच्या सेन्सरचा नंबर दहा. नंबर बदलायला त्याच्या पाठीवर आठ बारीक बटणं आहेत, आणि ती कुणी हलवू नयेत म्हणून मी त्यांच्यावर लाल नेलपॉलिशचे थेंब टाकून ठेवले होते. नखांना मी कधी लावत नाही. ती बाटली बारामतीच्या बाजारातून खास या कामासाठी आणलेली. एकदा जुळवलं की थेंब टाकायचा, आणि थेंब तुटलेला दिसला की समजायचं, कुणीतरी हात लावलाय. चार वर्षं त्या थेंबांना कुणी हात लावला नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता! एकदा जरी कुणी आगाऊपणा केला असता, तर निरवांगीच्या फुलाबाईंचा अविराज आज जिवंत असता.

मी करुणा. गाव लोणी भापकर, नोकरी बारामतीच्या एमआयडीसीत, माझा मावसभाऊ संघपालदादा याच्या कंपनीत. कंपनी म्हणजे पत्र्याचं एक शेड आणि बारा माणसं. आम्ही विषारी वायू मोजणारे सेन्सर आणि त्यांचा आकडा दाखवणारी पॅनेलं बनवतो. सेन्सर खड्ड्यात, पॅनेल ऑपरेटरच्या खोलीत, मधे दोन तारा. सेन्सरचा प्रोग्राम दादानं लिहिलेला. पॅनेलची चिप महाग झाली तेव्हा स्वस्तातली चिप घेऊन तिचा प्रोग्राम मी लिहिला. दादा सगळ्यांना सांगायचा, "आमच्या करुणानं एकटीनं केलंय हे." मीही ऐकून घ्यायचे, लाजल्यासारखं करून.

इंदापूर तालुक्यात प्रेसमडपासून, म्हणजे साखर कारखान्यात उसाच्या रसातून निघणाऱ्या गाळापासून, गॅस बनवणारा एक प्लांट आहे. तिथं आमचे तीन सेन्सर होते: बारा, बावीस आणि बत्तीस. पहिला आकडा विभागाचा, ही त्यांची पद्धत. बत्तीस नंबर स्लरीच्या खड्ड्यात. त्या खड्ड्यातला वायू थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि खूप झाला की नाकच मरतं, वास येणंच बंद होतं. म्हणून तर मीटर लावायचा. माणसाच्या नाकापेक्षा आमच्यावर भरवसा ठेवायचा.

मार्च महिन्यात एका सकाळी खड्ड्यातला पंप चोंदला. ऑपरेटर दत्तोबांनी ढवळायची मोटार बंद केली, पॅनेल बघितलं आणि पुतण्याला, अविराजला, सांगितलं, "सात हाय. जा, काढ चोथा." दहाच्या आत असेल तर खाली उतरायला हरकत नाही, असा तिथला नियम. अविराज शिडीनं उतरला. त्याला वर काढला तो मेलेलाच. सव्वीस वर्षांचा होता. त्याला तिथं कामाला चिकटवलं होतं ते चुलत्यानंच.

दत्तोबा एकच सांगत राहिले, की पॅनेलवर सात होता, हिरवा. पोलिसांना, प्लांटच्या साहेबांना, गावाला, सगळ्यांना तेच. चौकशीवाल्यांनी पॅनेल काढून आमच्याकडे पाठवलं आणि विचारलं, यात दोष आहे का?

मी दोन दिवस तपासलं. माझ्या दहा नंबरच्या सेन्सरला जोडलं, वायूचा आकडा वाढवला, आणि दर वेळी पॅनेल लाल होऊन बोंबललं. पन्नास वेळा केलं, पन्नासही वेळा. मी लिहून दिलं: 'पन्नास वेळा तपासलं. पॅनेल पूर्णपणे निर्दोष आहे.' खाली सही, तारीख, कंपनीचा शिक्का. दत्तोबांना कामावरून काढलं आणि त्यांच्यावर हलगर्जीपणाचा गुन्हा लागला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण म्हातारा स्वतःला वाचवायला बघतोय, असंही वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

पॅनेल माझ्या कपाटात पडून होतं. जूनमध्ये चिपच्या मेमरीतल्या नोंदी सहज उघडून बसले. पॅनेल प्रत्येक तारेवरच्या फेकून दिलेल्या फ्रेमची वेळेसकट यादी ठेवतं. सेन्सर दर अर्ध्या मिनिटाला एक निरोप पाठवतो, त्याला आम्ही फ्रेम म्हणतो. फ्रेमच्या शेवटी पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला नाही तर पॅनेल अख्खी फ्रेम फेकून देतं. मोटार चालू असली की तारेत गडबड होते आणि शंभरात दोनतीन फ्रेम अशा जातात. हे मला माहीत होतं. मार्चमध्येही मी ती यादी चाळली होती आणि सगळं मोटारीच्या माथी मारून मोकळी झाले होते.

आता नीट बघितलं. त्या दिवशी अकरा वाजून बारा मिनिटांपासून एकोणीस मिनिटं. बत्तीस नंबरच्या अडतीस फ्रेम आल्या आणि अडतीसच्या अडतीस फेकल्या. मोटार तर त्यातली सहाच मिनिटं चालू होती. शिवाय मोटारीची गडबड आंधळी असते. ती दोन फ्रेम खाते, पन्नास सोडते. ओळीनं अडतीस ती खात नाही.

आणि एवढ्या फ्रेम फेकल्या तर पॅनेल सात का दाखवत बसलं? त्याचं उत्तर मला पाठ होतं. आधी तीन फ्रेम चुकल्या की पॅनेलवर आकड्याऐवजी रेषा यायच्या आणि भोंगा वाजायचा. प्लांटवाले कंटाळले. "मोटार लावली की तुमच्या रेषा येत्यात, त्या तेवढ्या घालवा," असा रोज फोन. मी घालवल्या. शेवटचा चांगला आकडा अर्धा तास धरून ठेव, असं पॅनेलला शिकवलं. फोन बंद झाले. ती सोयही माझीच.

मी ब्लेड घेतलं, नेलपॉलिशचे थेंब खरवडले आणि सेन्सरचा नंबर दहाचा बत्तीस केला. चाचणीची कळ फिरवून वायू सातवर ठेवला. पॅनेलवर सात आला, हिरवा. मग कळ एकशे चाळीसवर नेली. सेन्सरवरचा तांबडा दिवा पेटला. पॅनेलवर सात. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. सात. शेडमध्ये आमचा कामगार विकी सोल्डरिंग करत गाणं म्हणत होता आणि मी त्या सातकडे बघत उभी होते.

चूक शोधायला पुढं दहा मिनिटंही लागली नाहीत. ती सांगितलीच पाहिजे.

त्या दोन तारांवर घड्याळासाठी वेगळी तार नाही. सेन्सर आपल्या घड्याळानं बिट पाठवतो, एक किंवा शून्य, आणि पॅनेल आपल्या घड्याळानं ते वाचतं. दोन घड्याळं कधीच अगदी सारखी चालत नाहीत. तार वरून खाली किंवा खालून वर बदलली, की त्या बदलावर पॅनेल आपलं घड्याळ लावून घेतं. पण सेन्सरला ओळीनं बरीच शून्यं पाठवायची असतील तर तार बदलतच नाही. आणि मग शून्यं नऊ आली की दहा, हे पॅनेलला कळेनासं होतं. म्हणून नियम असा, की ओळीनं पाच बिट सारखे गेले की सेन्सर सहावा उलटा बिट मधेच घुसवतो. पाच शून्यांनंतर एक, पाच एकांनंतर शून्य. त्या बिटाला अर्थ काही नाही, तो फक्त तार हलवायला. पॅनेलनंही मोजायचं, पाच सारखे आले की पुढचा बिट काढून टाकायचा, आणि मूळ निरोप जसाच्या तसा हातात.

यात एक बारीक गोष्ट आहे. घुसवलेला बिट काढून टाकला तरी तो तारेवरून गेलेला असतो. म्हणून पुढच्या पाचांच्या मोजणीत तो पहिला धरायचा. दादाचा सेन्सर तसंच धरतो. माझं पॅनेल तो बिट काढून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करत होतं. एकापासून करायला हवी होती.

बहुतेक वेळा यानं काही बिघडत नाही, कारण घुसवलेल्या बिटानंतर लगेच त्याच्यासारखेच चार बिट क्वचित येतात. दहा नंबरच्या निरोपात ते येतच नाहीत. बत्तीस हा आकडा मात्र बिटांत लिहिला की शेवटी पाच शून्यं येतात. त्यानंतर सेन्सर एक घुसवतो. त्याच्यापुढं धोका किती ते सांगणारे चार बिट असतात, आणि धोका सगळ्यात मोठा असला की ते चारही एक. घुसवलेला एक आणि हे चार, झाले पाच. म्हणून सेन्सर आणखी एक शून्य घुसवतो. माझं पॅनेल मात्र चारच मोजायचं, ते शून्य खरं समजून ठेवून घ्यायचं, आणि पुढचा सगळा निरोप एक घर सरकायचा. पडताळणी जुळायची नाही. फेक.

म्हणजे बत्तीस नंबरचा सेन्सर बाकी सगळं सांगू शकत होता. सात आहे, नऊ आहे, वीस आहे. फक्त 'माणूस मरेल' एवढं एकच तो ओरडला की पॅनेल ऐकत नव्हतं. प्लांटवर विकीनं सेन्सर बसवताना चाचणी केली ती पंचवीस आकडा येईल एवढ्याच वायूच्या बाटलीनं. त्यात चार बिट सगळे एक होत नाहीत. त्या दिवशी ढवळल्यामुळे वायू एकदम उसळला, सातावरून थेट वर, मधे एकही फ्रेम नाही.

मी दादाकडे गेले. त्यानं ऐकलं, स्वतः कळ फिरवून बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलला ते हे: "कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"सगळीकडं नवा प्रोग्राम टाकू. आजच निघू. देखभालीचं काम म्हणून सांगू."

"आणि दत्तोबा?"

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि दादा विचार करताना नेहमी तिकडं बघतो. या वेळी बघितलं नाही. मग म्हणाला, "बारा घरं आहेत गं या शेडवर."

"मला माहीत आहे. त्यातलं एक माझं."

त्यानं फोन काढला आणि माझ्यासमोर एकेका गिऱ्हाइकाला लावला. "आमच्या पॅनेलवर विसंबून कुणाला खाली उतरवू नका. चूक आहे. व्हय, आमचीच." अकरा फोन झाले. शेवटचा ठेवून त्यानं टेबलावर डोकं टेकलं. "निरवांगीला तू जा," म्हणाला. "मला नाही जमणार." मी नवं पत्र लिहिलं, सही केली, त्याचीही घेतली. पॅनेल, सेन्सर, बॅटरी पिशवीत घातली आणि इंदापूरची एसटी धरली.

खरं सांगते, रस्त्यात मला जरा हलकं वाटत होतं. आपण एका माणसाला सोडवायला चाललोय, असं काहीतरी. माणूस स्वतःची किती चटकन समजूत घालतो!

निरवांगीत दत्तोबा अंगणात लिंबाखाली बसले होते. मी नाव, कंपनी सांगितली. ते उठून उभे राहिले, साहेब आल्यावर राहतात तसे. त्यांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, पाणी आणून दिलं. अंगण एकच, घरं दोन. समोरच्या घराच्या उंबऱ्यावर एक बाई लसूण सोलत होती, आमच्याकडे पाठ करून. त्या फुलाबाई, दत्तोबांची भावजय, अविराजची आई. नवरा पूर्वीच गेलेला. मार्चपासून त्या दिराशी एक शब्द बोललेल्या नाहीत, असं मला एसटीत भेटलेल्या बाईनं सांगितलं होतं.

"आबा, तुम्ही खरं सांगत होता," मी म्हणाले. "त्या दिवशी पॅनेलवर सातच होता. चूक आमची होती. हे पत्र कोर्टात द्या."

त्यांनी पत्र हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि मला परत दिलं.

"मॅडम, मी तर लिवून दिलंय."

"काय लिहून दिलंय?"

"का मी मीटर बघितलाच न्हाय. गेल्या म्हयन्यात. पोलिसांत."

"पण तुम्ही बघितला होता!"

"आसं मलाबी वाटत व्हतं आधी." ते खाली बघून बोलत होते, हळू, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. "मग तुमचा कागद आला. साहेबानं वाचून दावला. मशिनीत कायबी दोष न्हाय, पन्नास येळा बघितलं, आसं शिकल्यासवरल्या मानसानं लिवलेलं. मी म्हनलं, आपुन आडानी. मशीन चुकत न्हाय तर मग मीच चुकलो आसन. आदल्या दिवशीचा सात डोक्यात ऱ्हायला आसंल. रोज डोळं मिटून बघायचो वो, त्यो सात दिसतुय का. आधी दिसायचा. मग मागल्या म्हयन्यापासनं दिसायचाच बंद झाला."

गुन्हा पुसून, नोकरी परत मिळवून मी देणार होते. या माणसाच्या डोळ्यांनी बघितलेलं मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

"दाखवते," मी म्हणाले.

बाजेवर पॅनेल ठेवलं, बॅटरी जोडली. सेन्सरचे थेंब तुटलेले, नंबर बत्तीस. कळ सातवर. पॅनेलवर हिरवा सात उजळला. दत्तोबांचा श्वास मला ऐकू आला. "आता वायू वाढवते," मी सांगितलं आणि कळ एकशे चाळीसवर नेली. सेन्सरचा तांबडा दिवा पेटला. "हा सेन्सर ओरडतोय आबा. आणि हे बघा पॅनेल."

सात. हिरवा.

ते बाजेशी उकिडवे बसले, तोंड पॅनेलच्या अगदी जवळ नेलं. "ह्योच," म्हणाले. "ह्योच सात. आसाच व्हता." आणि मग ते रडायला लागले, मोठ्यानं, अंगणात, म्हातारी माणसं सहसा रडत नाहीत तसं. "मी बघितला व्हता. कौसल्या, मी बघितला व्हता. बघूनच सांगितलं त्याला जा म्हनून. बघूनच धाडला गं मी त्याला." मला वाटलं होतं सुटतील. ते सुटले नव्हते. एवढे दिवस निदान नजरचूक तरी होती त्यांच्याकडे.

फुलाबाई उठून आल्या होत्या. लसणाची टरफलं लुगड्याला चिकटलेली. दिराकडे त्यांनी बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"ह्ये तू बनीवलं?"

"हो."

"चूक केवढी व्हती?"

मला खोटं बोलायचं होतं. मोठी होती, कुणालाही सापडली नसती, असं सांगायचं होतं. "एका ठिकाणी एक लिहायचा होता," मी म्हणाले. "मी शून्य लिहिला."

"येवढीच?"

"एवढीच."

त्यांनी मान हलवली, जणू बाजारात कशाचा तरी भाव विचारला होता आणि तो कळला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते शिवीची. त्या तशाच उभ्या राहिल्या, बाजेवरच्या त्या आकड्याकडे बघत, आणि मग मार्चपासून पहिल्यांदा दिराशी बोलल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "बंद करा म्हनावं त्ये. आजून सातच दावतंय."